रुंद की अरुंद, नियमित की अनियमित: वेगवान हृदयलयीची पट्टी आणि परिचारिकेचे काम

राळेगावच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री छातीत धडधड होणारा रुग्ण आला, की त्याच्या हृदयाची पट्टी बहुतेक वेळा सगळ्यांत आधी पाळीवरची सिस्टर पाहते. डॉक्टर दुसऱ्या रुग्णात किंवा बाळंतपणात गुंतलेले असू शकतात. हृदयरोगतज्ज्ञ तालुक्याच्या ठिकाणी सहसा नसतो. त्याच्यापर्यंत पोहोचायचे म्हणजे कळंबमार्गे यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जायचे, किंवा वर्धा जिल्ह्यात उतरून सेवाग्राम वा सावंगी गाठायचे. रुग्ण तिथे पोहोचेपर्यंतच्या वेळात काय घडते, हे त्या पहिल्या वाचनावर पुष्कळसे ठरते. म्हणून इथे दोनच लयींचा विचार केला आहे. एक एट्रियल फिब्रिलेशन, जिला वॉर्डात सगळे एएफ म्हणतात. दुसरी व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे व्हीटी. दोन्ही वेगवान असतात, दोन्हींत रुग्ण घाबरलेला आणि घामाघूम असू शकतो. मात्र त्यांच्यात गफलत झाली तर दोन्ही बाजूंनी होणारे नुकसान सारखे नसते.

एएफला चुकून व्हीटी समजले, तर बहुधा एखादे औषध किंवा एखादा शॉक अनावश्यक दिला जातो. त्यालाही जोखीम आहे, पण रुग्ण बहुतेक वेळा निभावतो. उलट व्हीटीला एएफ समजून वेग कमी करण्यासाठी शिरेतून व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम दिले, तर रक्तदाब कोसळतो आणि बोलता रुग्ण काही मिनिटांत नाडीविना होऊ शकतो. पुढे सांगितलेला वाचनाचा सगळा क्रम या असमतोलावर उभा आहे. शंका उरली, तर ती व्हीटीच्या बाजूने धरायची.

फरक कशामुळे पडतो ते आधी समजून घेतले, तर खुणा पाठ कराव्या लागत नाहीत. हृदयाचा विद्युत्-संदेश वरच्या कप्प्यांत जन्मतो, मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर थबकतो आणि मग खालच्या कप्प्यांत पसरलेल्या वाहक तंतूंमधून एकदम सगळीकडे जातो. हे तंतू वेगवान असल्यामुळे खालचे दोन्ही कप्पे जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतात आणि कागदावर क्यूआरएस अरुंद उमटतो. एएफमध्ये बिघाड वरच्या कप्प्यांत असतो. तिथे मिनिटाला ३५० ते ६०० अशा बेशिस्त लहरी फिरत राहतात. त्यामुळे एकही नीट पी-लहर तयार होत नाही, रेघ नुसती थरथरते. एव्ही नोड त्यांतल्या काही लहरी खाली सोडतो, बाकीच्या अडवतो, आणि कोणती सुटेल याला काही नियम नसतो. म्हणून ठोके अनियमित पडतात. मात्र जो संदेश सुटतो तो नेहमीच्याच तंतूंतून जातो, म्हणून क्यूआरएस अरुंद राहतो.

व्हीटीत लय खालच्या कप्प्याच्या स्नायूतच जन्मते. बऱ्याचदा जुन्या हार्ट अटॅकने स्नायूवर व्रण पडलेला असतो आणि विद्युत्-लहर त्या व्रणाभोवती गोल गोल फिरत राहते. वाट दर फेरीला तीच असल्याने ठोके नियमित पडतात. पण लहर वेगवान तंतू सोडून स्नायूमधून सरपटत जाते, म्हणून क्यूआरएस रुंद होतो. असे तीन किंवा अधिक ठोके ओळीने आणि मिनिटाला १०० च्या वर वेगाने आले, की त्याला व्हीटी म्हणतात. ती ३० सेकंदांहून अधिक टिकली, किंवा त्याआधीच रुग्णाला झेपेनाशी झाली, तर ती टिकाऊ व्हीटी.

आता कागद. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, पाच लहान चौकोनांचा मोठा चौकोन म्हणजे ०.२० सेकंद. क्यूआरएस तीन लहान चौकोनांपेक्षा, म्हणजे ०.१२ सेकंदापेक्षा कमी असेल तर अरुंद, तेवढा किंवा त्याहून अधिक असेल तर रुंद. नियमित लयीत दोन टोकांमधले लहान चौकोन मोजून १५०० ला त्या संख्येने भागले, की मिनिटाचा वेग मिळतो. अनियमित लयीत ही रीत फसवते, कारण प्रत्येक अंतर वेगळे उत्तर देते. तिथे ३० मोठे चौकोन, म्हणजे सहा सेकंदांची पट्टी घ्यायची, त्यातले क्यूआरएस मोजायचे आणि दहाने गुणायचे. मॉनिटरवरच्या आकड्यावर या कामी विसंबू नये. एएफमध्ये तो दर काही सेकंदांनी उडत राहतो, आणि टी-लहर उंच असेल तर यंत्र तिलाही ठोका समजून दुप्पट मोजते.

नियमितपणा नजरेने ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एएफचा वेग १७०-१८० च्या पुढे गेला, की ठोक्यांमधली अंतरे इतकी लहान होतात की लय डोळ्याला नियमित भासते. यावरचा उपाय साधा आहे. कोऱ्या कागदाची कड पट्टीवर ठेवावी, लागोपाठच्या चार टोकांपाशी पेन्सिलने खुणा कराव्यात आणि तो कागद पुढे सरकवावा. खुणा पुढच्या टोकांशी जुळत गेल्या तर लय नियमित. कधी एका चौकोनाने, कधी तीन चौकोनांनी चुकत राहिल्या तर अनियमित. याला अर्धे मिनिट लागते, आणि एएफला नियमित समजण्याच्या बहुतेक चुका एवढ्याने टळतात.

मोजमापाच्याही आधी पट्टी खरी आहे का, हे पाहावे लागते. उन्हाळ्यात घामाने इलेक्ट्रोड सैल होतात, छातीवर केस असतील तर जेल चिकटत नाही, थंडी वाजून आलेला रुग्ण कुडकुडतो. यातले काहीही मॉनिटरवर व्हीटीसारखे रुंद, उंच डोंगर काढू शकते. खरी व्हीटी आणि थरथर यांत फरक कसा करायचा? डोंगरांच्या रांगेत नीट पाहिले, तर थरथरीच्या आतून अरुंद क्यूआरएस आपल्या मूळ अंतराने चालत गेलेले दिसतात. बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरची लहर शांतपणे मिनिटाला ८० ने येत असेल आणि पडदा १९० दाखवत असेल, तर पडद्यावर विश्वास ठेवू नये. इलेक्ट्रोड काढून त्वचा पुसून कोरडी करावी आणि तीन लीडच्या मॉनिटरवर लाल उजव्या खांद्याखाली, पिवळा डाव्या खांद्याखाली, हिरवा डाव्या बाजूला खाली, असे पुन्हा लावावेत. हे सगळे रुग्णाच्या मनगटावर बोटे ठेवूनच करायचे. नाडी लागत नसेल आणि रुग्ण हाक मारल्यावर ओ देत नसेल, तर इलेक्ट्रोड तपासत बसायचे नाही.

एएफचे रूप एका उदाहरणात पाहू. धरून चालू, की राळेगाव तालुक्यातल्या एखाद्या गावातून अडतीस वर्षांची बाई आली आहे. कापूस वेचायला जाणारी. "सिस्टर, परवापासून छातीत धडधड करून राहिलं, रात्री आडवं होता येत नाही," असे ती सांगते. लहानपणी सांधे सुजून ताप आल्याचे तिच्या आईला आठवते. हा तपशील महत्त्वाचा आहे. आपल्याकडे तरुण बाईत एएफ दिसले, तर संधिवाती तापाने आकसलेली मायट्रल झडप आधी मनात यायला हवी. सहा सेकंदांच्या पट्टीत तिचे १४ क्यूआरएस आहेत, म्हणजे वेग १४०. प्रत्येक क्यूआरएस दोन लहान चौकोनांचा, म्हणजे ०.०८ सेकंद, अरुंद. कागदाची कड लावली तर एक अंतर ७ चौकोन, पुढचे ११, मग ९, मग १४. पी-लहर कुठेच नाही. नियम न पाळणारी, अरुंद, पी-लहरी नसलेली लय म्हणजे एएफ.

आता सिस्टरने मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजली तर ती १०४ भरते, आणि त्याच मिनिटाला दुसऱ्या सिस्टरने स्टेथोस्कोपने छातीवर मोजलेले ठोके १४० येतात. मधला ३६ चा फरक म्हणजे नाडीतली तूट. जे ठोके फार लवकर पडले, त्यांच्या वेळी हृदयात रक्तच भरलेले नव्हते. ते ठोके मनगटापर्यंत पोहोचले नाहीत. झडप आकसलेली असेल तर ही गोष्ट आणखी जाचक होते. अरुंद तोंडातून रक्त खाली उतरायला वेळ लागतो, आणि वेगाने तो वेळच खाल्लेला असतो. रक्त फुफ्फुसात तुंबते, म्हणून तिला आडवे होता येत नाही. वेग आटोक्यात आणण्याचा उपचार का आहे आणि तो लागू पडतोय का, हे या तुटीवरून कळते. औषधानंतर वेग खाली येता येता तूटही कमी व्हायला हवी. म्हणून मी तक्त्यावर छातीचे ठोके आणि मनगटाची नाडी असे दोन वेगळे रकाने मागतो. एकाच आकड्यात ही माहिती हरवते.

या बाईला अर्धवट बसते करायचे, ऑक्सिजन ९४ टक्क्यांखाली असेल तर द्यायचा, शीर धरायची, बारा लीडचा ईसीजी काढायचा, रक्तदाब दर पाच ते दहा मिनिटांनी घ्यायचा. डॉक्टर मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिन यांतले काय निवडतील, हे तिचा रक्तदाब आणि फुफ्फुसांतले पाणी पाहून ठरेल. देण्याआधी सिस्टरने क्यूआरएसची रुंदी पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावी. आणि एक प्रश्न तिने स्वतःच विचारून कागदावर लिहावा: धडधड नेमकी कधी सुरू झाली? "परवापासून" म्हणजे ४८ तास उलटले असण्याची शक्यता. थरथरणाऱ्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते. लय अचानक सुरळीत केली, तर ती गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते. म्हणून रुग्ण तग धरून असेल, तर शॉक देऊन लय सुधारण्याची घाई केली जात नाही. आधी वेग आवरतात आणि रक्त पातळ ठेवण्याचे औषध सुरू होते. दर पाहणीत तोंड वाकडे झाले का, दोन्ही हात सारखे उचलता येतात का, बोलणे अडखळते का, हे पाहणे एएफच्या शुश्रूषेचाच भाग आहे.

रक्त पातळ ठेवण्याच्या औषधाबद्दल इथे थोडे थांबायला हवे, कारण नव्या गोळ्यांचा बराच बोलबाला आहे. संधिवाती झडपेच्या एएफमध्ये रिव्हरॉक्सबॅन आणि वॉर्फरिनसारखी जुनी औषधे यांची तुलना करणाऱ्या इन्व्हिक्टस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली आले. जुन्या औषधांच्या गटात मृत्यू कमी होते. त्यामुळे या बाईला वॉर्फरिनच मिळण्याची शक्यता अधिक, आणि त्याबरोबर आयएनआर तपासणीही आली, जी साधारण २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. वेचणीच्या हंगामात तपासणी चुकते, हे माहीत असलेल्या सिस्टरने सुटी देतानाच पुढची तारीख आणि ठिकाण घरच्या माणसाला सांगून ठेवावे. अंगदुखीची गोळी मनाने आणून घेऊ नये, हेही सांगावे, कारण त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी वॉर्फरिनवर असताना पोटात रक्तस्राव होतो.

दुसऱ्या खाटेवर अठ्ठावन्न वर्षांचे काका आहेत. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला. आता बसल्या जागी धडधड सुरू झाली, घाम फुटला. ते बोलताहेत, नाव-गाव बरोबर सांगतात, रक्तदाब ९६/६०. पट्टीवर दोन टोकांमध्ये ८ लहान चौकोन, म्हणजे वेग सुमारे १८८. कागदाच्या खुणा ओळीने जुळत जातात. क्यूआरएस चार चौकोनांचा, ०.१६ सेकंद. रुंद आणि नियमित.

इथे सर्वांत जास्त घडणारी चूक अशी, की काका बोलताहेत म्हणून ही व्हीटी नसेल असे मानले जाते. व्हीटीचा रुग्ण तासन् तास शुद्धीत राहू शकतो. रक्तदाब टिकून आहे यावरून त्याच्या हृदयाची उरलेली ताकद कळते, लय कुठून आली ते कळत नाही. रुंद क्यूआरएसच्या वेगवान लयी एकत्र घेतल्या, तर त्यांतल्या सुमारे ८० टक्के व्हीटी निघतात, आणि जुना हार्ट अटॅक असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. म्हणजे "आधी अटॅक आला होता का?" हा प्रश्न पट्टीवरच्या कित्येक बारीक खुणांपेक्षा वजनदार आहे. बारीक खुणाही आहेत. रुंद ठोक्यांच्या मधून पी-लहरी आपल्याच संथ गतीने चालत जाताना दिसल्या, किंवा रांगेत अचानक एखादा अरुंद ठोका उमटला, तर व्हीटी जवळजवळ पक्की. वरचे आणि खालचे कप्पे एकमेकांशी संबंध सोडून चालले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हीच गोष्ट खाटेपाशी मानेवर दिसते: मानेची शीर मधूनच एखाद्या ठोक्याला जोरात उसळते, कारण त्या क्षणी वरचा कप्पा बंद झडपेवर दाबला गेला. पण या खुणा नाहीत म्हणून व्हीटी नाही, असे मात्र ठरत नाही. त्या शोधण्यात वेळही घालवू नये.

सिस्टरने पट्टी पाहून हाक मारायची ती खाट सोडून न जाता. दुसरे कुणी डिफिब्रिलेटर आणि इमर्जन्सी ट्रॉली आणेपर्यंत ती नाडी धरून राहते. शॉकचे पॅड आताच छातीवर चिकटवायचे, लागो न लागो. कोपराच्या घडीतल्या मोठ्या शिरेत दुसरी शीर धरायची. रुग्णाची तब्येत वेळ देत असेल तर बारा लीडचा ईसीजी काढायचाच, कारण लय सुटल्यावर हा पुरावा पुन्हा मिळत नाही. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमसाठी रक्त काढून ठेवायचे. डॉक्टरांना फोनवर "पेशंटला धडधड होते" एवढेच सांगितले, तर त्यातून निर्णय होत नाही. "अठ्ठावन्न वर्षांचे, जुना अटॅक, रुंद आणि नियमित, वेग १८८, बीपी ९६/६०, शुद्धीत, छातीत दुखत नाही, पॅड लावलेत" एवढे एका दमात सांगितले, की उत्तरही तितकेच नेमके येते.

समजा अमिओडॅरोन १५० मिलिग्रॅम दहा मिनिटांत द्यायला सांगितले. ही एका अँप्यूलमधली मात्रा, १०० मिली पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायची. साध्या सलाईनमध्ये नाही. १०० मिली दहा मिनिटांत म्हणजे मिनिटाला १० मिली. मिलीला २० थेंबांच्या सेटवर ते २०० थेंब होतात, आणि इतके थेंब कुणालाही मोजता येत नाहीत. इन्फ्युजन पंप असेल तर उत्तम. नसेल तर बाटलीवर पट्टी चिकटवून ५० मिलीची खूण करावी आणि पाच मिनिटांनी पातळी तिथे आहे का, ते घड्याळावर पाहावे. हे औषध रक्तदाब उतरवते आणि भराभर दिले तर जास्तच उतरवते, म्हणून या दहा मिनिटांत बीपी दर दोन मिनिटांनी घ्यायचे. शिरेवर लाली, जळजळ आली तर जागा बदलायची.

आता सहाव्या मिनिटाला बीपी ७० वर आले आणि काका झोपाळल्यासारखे झाले, असे धरू. नाडी अजून लागते. औषधाची वाट पाहण्याची वेळ संपली. डॉक्टरांच्या आदेशाने झोपेचे औषध देऊन लयीशी जुळवलेला शॉक द्यायचा, १०० ज्यूलपासून. यंत्रावरचे SYNC बटण दाबले, की पडद्यावर प्रत्येक क्यूआरएसच्या टोकाशी खूण येते. ती खूण क्यूआरएसवरच पडते आहे, टी-लहरीवर नाही, हे नजरेने पाहिल्याशिवाय चार्ज करू नये. टी-लहरीवर पडलेला शॉक व्हीटीतून थेट फिब्रिलेशनमध्ये ढकलू शकतो. ऑक्सिजनचा मास्क बाजूला घ्यायचा, सगळ्यांना खाटेपासून दूर करायचे आणि बटण दाबून धरून ठेवायचे. जुळवलेला शॉक लगेच सुटत नाही, यंत्र पुढच्या योग्य ठोक्याची वाट पाहते. हे ठाऊक नसलेला माणूस बटण सोडून देतो आणि शॉक बसला नाही म्हणतो. दुसरा शॉक लागला तर SYNC पुन्हा दाबावे लागते, कारण बहुतेक यंत्रे प्रत्येक शॉकनंतर ते आपोआप बंद करतात.

नाडीच गेली, तर मात्र हे सगळे बाजूला. दहा सेकंदांत गळ्याची नाडी लागली नाही, तर मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल छाती दाबायला लागायचे, ३० दाबांमागे दोन श्वास, आणि SYNC न लावता २०० ज्यूलचा शॉक. शॉकनंतर पडद्याकडे बघत उभे राहायचे नाही, लगेच पुन्हा दोन मिनिटे छाती दाबायची. अ‍ॅड्रेनलिन १ मिलिग्रॅम दर तीन ते पाच मिनिटांनी, आणि तिसऱ्या शॉकनंतरही लय तशीच असेल तर अमिओडॅरोन ३०० मिलिग्रॅम. छाती दाबायला सुरुवात करण्यासाठी सिस्टरला कुणाच्या आदेशाची गरज नसते.

अरुंद-अनियमित आणि रुंद-नियमित ही दोन टोके स्पष्ट आहेत. अडचण रुंद-अनियमित लयीची. तिचे तीन मोठे प्रकार आहेत. एएफच्या रुग्णाचा एक वाहक तंतू आधीच निकामी असेल, तर क्यूआरएस रुंद पण सगळे एकसारखे दिसतात. जुना ईसीजी सापडला तर त्यातही तीच आकृती असते. दुसऱ्यात जन्मजात जादा वाट असते, आणि एएफ एव्ही नोडला वळसा घालून त्या वाटेने खाली उतरते. वेग २०० च्या पुढे जातो, प्रत्येक क्यूआरएसची रुंदी वेगळी असते. इथे नोडला रोखणारी औषधे दिली, तर सगळी वाहतूक त्या जादा वाटेने होऊन लय फिब्रिलेशनकडे जाते. तिसरा प्रकार पॉलिमॉर्फिक व्हीटी, आणि यवतमाळ जिल्ह्यात तो लक्षात ठेवायला वेगळे कारण आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, अनेक दगावले. ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकाचा रुग्ण आला, की लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या आणि श्वास यांकडे लक्ष जाते, आणि ते जायलाच हवे. पण या विषाने क्यूटी अंतरही लांबते, आणि लांबलेल्या क्यूटीतून टॉर्साद ही पॉलिमॉर्फिक व्हीटी सुरू होऊ शकते. तिच्यात क्यूआरएसची उंची आपल्याच रेषेभोवती पिळवटत जाते, आधी वर तोंड करून मोठी, मग लहान, मग खाली तोंड करून मोठी. ही लय अनियमित असते, म्हणून अननुभवी डोळा तिला रुंद एएफ समजतो. तिच्यावर उपाय वेगळा आहे. नाडी असेल तर शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम, आणि पोटॅशियमची दुरुस्ती. नाडी गेली किंवा लय टिकून राहिली, तर SYNC न लावता शॉक, कारण बदलत्या आकाराच्या ठोक्यांत यंत्राला जुळवणी सापडत नाही. अमिओडॅरोन इथे टाळतात, ते क्यूटी आणखी लांबवते.

याच रुग्णात उलटी गफलतही होते. अ‍ॅट्रोपिन चालू असताना मॉनिटर १३० दाखवतो आणि अलार्म वाजत राहतो. पट्टी पाहिली तर अरुंद, नियमित, प्रत्येक क्यूआरएसआधी पी-लहर. ही औषधाने आलेली साधी वेगवान लय आहे. तिला घाबरून अ‍ॅट्रोपिन बंद केले, तर छातीत पुन्हा स्राव भरतो. अशा रुग्णाचा बारा लीडचा ईसीजी आल्याबरोबर आणि नंतर काही तासांनी काढावा. टी-लहरीचा शेवट दोन क्यूआरएसच्या मधल्या अंतराच्या निम्म्यापुढे जातो का, ते साधारण वेगात ढोबळ पाहता येते. वेग वाढलेला असताना ही रीत चालत नाही. तिथे वेगानुसार दुरुस्त केलेला आकडा पाहावा, आणि तो ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की डॉक्टरांना कळवावे. उलटी थांबवणाऱ्या ऑनडॅनसेट्रॉनसारख्या रोजच्या औषधानेही क्यूटी लांबते, हे इथे लक्षात असावे.

पुढे पाठवताना १०८ च्या रुग्णवाहिकेत कोणती यंत्रणा आहे, ते आधी विचारून घ्यावे. राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे, पण प्रत्येक गाडीत प्रगत उपचारांची सोय नसते. व्हीटी येऊन गेलेल्या रुग्णाचे पॅड गाडीत चढवतानाही छातीवरच ठेवावेत, मॉनिटर बदलताना आधी नवा लावून मग जुना काढावा. लय सुरळीत झाल्यावर पुन्हा एक बारा लीडचा ईसीजी काढावा, आणि आधीचा व नंतरचा असे दोन्ही सोबत द्यावेत. यवतमाळ किंवा सेवाग्रामच्या डॉक्टरांना जुन्या व्रणाची जागा या दोन्हींच्या तुलनेतून शोधायची असते. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापणारा असतो. तो उन्हात तापला किंवा त्यावर स्पिरिट सांडले, तर छाप खराब होते. म्हणून पट्टीची झेरॉक्स काढावी, ती शक्य नसेल तर मोबाइलवर नीट फोटो घ्यावा, आणि कागदाच्या मागे रुग्णाचे नाव, घड्याळातली वेळ, त्या क्षणाचे बीपी, दिलेले औषध आणि शॉकचे ज्यूल पेनाने लिहावेत.